रात्रीची नोंद

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पहाटेचे साडेचार झालेत. रात्रपाळी अजून संपायची आहे, पण पोलीस ठाण्याची डायरी लिहून झाली आणि झोप येईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

काल रात्री वागळे इस्टेटच्या मागच्या एका चाळीत आरोपी पकडायला गेलो होतो. वीस वर्षांचा पोरगा, संशय सोनसाखळी हिसकावल्याचा. नाव लिहीत नाही. रात्री ११.२० ला आमच्या रवानगीची नोंद झाली होती. दार त्याच्या आईनं उघडलं. तेवढ्यात तो पोटमाळ्यावर चढला आणि मागच्या पत्र्यावरून उतरायला लागला. पत्र्याच्या काठानं त्याचा हात कापला. मी मागच्या बोळात उभी होते. तो खाली उडी मारून पळणार, एवढ्यात मी त्याचा शर्ट धरून ओढला. तो गुडघ्यावर आपटला. त्याची आई धावत आली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं. ते सोडवायला फार वेळ लागला, आई. ती मला ढकलत नव्हती, नुसती धरून होती.

बेड्या घातल्या नाहीत. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात बेड्या कोणत्या गुन्ह्यांत वापरता येतात ते लिहिलंय. सराईत गुन्हेगार असेल तर वेगळं, पण या पोराची ही पहिलीच वेळ होती. दोघांनी दंडाला धरून त्याला गाडीत बसवलं आणि आधी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा १.२५ झाले होते. अंगझडती हवालदारांनी घेतली. एक मोबाईल आणि १४० रुपये मिळाले. साखळी मिळाली नाही, तेही लिहिलं.

साहेब म्हणाले, आमद नोंदीचा, म्हणजे ठाण्यात परत आल्याच्या नोंदीचा, मजकूर तू तयार कर, धरलंस तू. बाबा, तुम्ही दूध डेअरीची वही लिहायचात, ती डोळ्यांसमोर आली. आकडा चुकला तर तुम्ही खोडरबर लावायचा नाहीत. एकच आडवी रेघ ओढून बाजूला सही करायचात, म्हणजे खालचा आकडा वाचता यायचा. आमच्याकडेही तसंच. मधे कोरी ओळ सोडायची नाही आणि मागची वेळ नंतर घुसवायची नाही.

अडलं दोन ठिकाणी. पहिलं वेळेचं. पकडला रात्री ११.५५ ला, आणि नोंद लिहिताना तारीख पालटलेली. एक जण म्हणाले, अटक १.३० ची दाखव, दीड तास हाताशी राहील. पण चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं असतं. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात, पण कागद रंगवण्याचा वगळत नाहीत. त्याला हलता येत नव्हतं ते ११.५५ पासून. मी लिहिलं, "काल २३.५५ वाजता ताब्यात घेतले, आज ०१.२५ वाजता ठाण्यात हजर." साहेबांनी वाचलं आणि मान डोलावली.

दुसरं जखमांचं. त्याच माणसानं सुचवलं, "पळताना पडून किरकोळ दुखापत" एवढंच लिही. हाताची जखम पत्र्याची, ते खरं. गुडघा मात्र माझ्या ओढण्यानं सोलला. डॉक्टरांनी दोन्ही जखमा वेगवेगळ्या नोंदवल्या होत्या. डायरीत एक आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरं असं झालं, तर कोर्टात पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि मग आमच्या बाकीच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण खरं सांगू? मला कोर्टाची भीती नव्हती वाटत. मनगटावर त्या माउलीच्या बोटांचे वळ अजून होते. मी लिहिलं, "उजव्या हातास पत्र्याने कापले. पोलीस शिपायाने शर्ट धरून मागे ओढल्याने पडून डावा गुडघा खरचटला." लिहिताना हात थांबला होता, नाही म्हणत नाही.

त्याची आई बाहेर बाकावर बसून होती. अटक फॉर्मवर नातेवाईक म्हणून तिचा अंगठा घ्यायचा होता. तिला वाचता येत नाही, म्हणून अटकेची कारणं आणि फॉर्म मीच सावकाश वाचून दाखवला. आज त्याला कुठल्या कोर्टात नेणार, वकील कसा मिळेल, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुडघ्याला काय झालं म्हणालीस?"

मी म्हटलं, "मी ओढलं, तेव्हा पडला."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग अंगठा पुढे केला. मी शाई लावली.

आई, तुझ्या गुडघ्याला रात्री तेल लावत जा. बाबा, रविवारी फोन करते.

तुमची,
छोटी