ओटीतले चार दाणे

ती. आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. मी त्या मराठी कथेचा स्पॅनिशमध्ये अनुवाद करतीये ना, त्यावरून परवा फोनवर बाबा म्हणाले, एवढा काथ्याकूट कशाला करतेस, जो शब्द त्यांना कळणार नाही त्याच्यावर आकडा टाक आणि खाली टीप दे, विषय संपला. तेव्हा कुकर लावलेला होता म्हणून घाईत ठेवला फोन, पण ते डोक्यात राहिलंय, आणि आईने त्या दिवशी सांगितलेल्या एका गोष्टीमुळे माझं अख्खं पान बदललं तेही सांगायचंय, म्हणून आज नीट बसून लिहितीये.

कथेतला माझ्या वाटणीचा भाग पानभराचाच आहे. वडिलांचं वर्ष झाल्यावर मुलगी पहिल्यांदा भाऊबीजेला माहेरी येते, दुसऱ्या दिवशी निघते. निघताना वहिनी ओटी भरते, तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. मुलगी पदरातले चार दाणे परत ताटात टाकते आणि उंबरा ओलांडते. बास. कोणी रडत नाही, कोणी काही बोलत नाही, आणि तरी वाचताना घसा दाटतो.

पहिल्या खर्ड्यात मी बाबांच्याच पद्धतीने गेले होते. एका पानात सात टिपा झाल्या! भाऊबीज, ओटी, खण, हळकुंड, वन्सं, माहेर आणि निघतानाचं ते 'येते'. मग मीच वाचून बघितलं तर नेमका वहिनीचा हात थरथरतो तिथे डोळा खाली जातो आणि हळकुंडाची माहिती वाचून परत वर येतो. बाबा, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात टीप शोभते, कारण तिथे माणूस माहिती घ्यायलाच बसलेला असतो. इथे मधेच अनुवादिकेचा आवाज येतो आणि वाचणारा त्या घरातून बाहेर पडतो.

म्हणून सगळ्या टिपा काढल्या आणि ते कोरं पान इथे औंधला राहणाऱ्या माझ्या एका स्पॅनिश मैत्रिणीला वाचायला दिलं, काही न सांगता. मला वाटलं होतं ओटी म्हणजे काय विचारेल, हळकुंडावर अडेल. छे! हळदीचं मूळ म्हणून लिहिलं होतं ते तिने सहज वाचलं, खण म्हणजे ब्लाउजचं कापड एवढं तिला पुरलं (काठ गेले त्याचे, पण इथे त्यांच्यावाचून अडत नाही). तिने विचारलं ते असं, "ह्या दोघींचं भांडण झालंय का? तिने तांदूळ परत का केले?"

मी सुन्नच झाले. म्हणजे तिला शब्द सगळे कळले होते आणि अर्थ बरोब्बर उलटा लागला होता, ती मुलगी वहिनीचं देणं नाकारतीये असा. आणि ह्या दाण्यांवर मी एकही टीप दिलेली नव्हती, कारण त्यात अडणारा शब्दच नाही, तांदूळ, ताट, परत टाकले, सगळं सोपं. परका शब्द दिसला की वाचणाऱ्याला निदान कळतं की इथे आपल्याला काहीतरी माहीत नाहीये, तो दोन ओळी थांबतो आणि पुढच्या वाक्यावरून अंदाज बांधतो. पण कृती ओळखीची दिसली की तो आपल्या घरचा अर्थ लावून मोकळा होतो आणि चुकलंय हे त्याला कळतसुद्धा नाही. आता मी पान वाचताना आधी हेच शोधते, काय कळणार नाही ह्यापेक्षा काय चुकीचं कळेल.

त्याच रात्री आईला फोन केला होता बघ, की आपण ते दाणे परत का टाकतो. तू म्हणालीस, "अगं माहेर रिकामं होऊ नये म्हणून, आपण सगळं घेऊन गेलो असं व्हायला नको." मी आजवर शंभरदा ते केलंय आणि कधी विचारलं नव्हतं.

मग ते वाक्यात बसवायचं कसं. आधी लिहिलं 'तिकडच्या रिवाजाप्रमाणे', ते लगेच खोडलं, कारण ती मुलगी रिवाज म्हणून करत नाहीये, तिचा हात आपोआप जातोय, आणि 'तिकडच्या' म्हटलं की ती एकदम प्रदर्शनातली बाहुली होते. मग लिहिलं 'घरातली लक्ष्मी जाऊ नये म्हणून', तर लक्ष्मी कोण ते सांगणं आलं. शेवटी दाण्यांच्या पुढे स्वल्पविराम देऊन पाचसहा शब्दच घातले, लोस के से केदान एन कासा, म्हणजे 'जे घरात राहतात ते'. मूळ कथेत हे शब्द नाहीत, मी घातलेत, आणि ते मला थोडं टोचतंय. पण मैत्रिणीला परत वाचायला दिलं तर ह्या वेळी काहीच विचारलं नाही, नुसती गप्प बसली.

ओटी शब्द मात्र मी ठेवला नाही, आणि ह्याचा मला खरंच आनंद झालाय. स्पॅनिशमध्ये रेगासो म्हणून शब्द आहे, स्पेनमध्ये रेगाथो म्हणतात. आपण मांडी म्हणतो तसा वापरतात, पण त्याचा मूळ अर्थ बाई बसल्यावर घागऱ्याला कमरेपासून गुडघ्यापर्यंत जो खोलगट झोळ पडतो तो. म्हणजे पदराची ओटीच की जवळजवळ! 'वहिनीने तिचा रेगासो तांदळाने भरला' असं लिहिलं की चित्र आपोआप उभं राहतं.

माहेरला असा एक शब्द नाही त्यांच्याकडे. तसाच ठेवणार होते, पण कथेतलं वाक्य आहे, 'आता हे माहेर राहिलं, की नुसतं भावाचं घर?' ते मी केलं, 'हे अजून तिच्या आईवडिलांचं घर होतं, की आता फक्त भावाचं?' आईवडील दोघंही नाहीत हे वाचणाऱ्याला माहितीये, त्यामुळे ते 'आईवडिलांचं घर' इथे लागतं बरोबर. दुसऱ्या कथेत कदाचित मी माहेर तसंच ठेवीन.

'येते'साठी तर काहीच करावं लागलं नाही. मुलगी चुकून "जाते मी" म्हणते आणि वहिनी "जाते नाही, येते म्हणा" म्हणते, म्हणजे कथाच समजावतीये. फक्त स्पेनमध्ये 'आओरा बेंगो' म्हणजे आत्ता आले, कोपऱ्यावरून दूध घेऊन येते असं वाटतं, म्हणून 'येते'ऐवजी 'बुएल्बो' घेतलं, परत येते. आणि वहिनी नणंदेला अहोजाहो करते ते तिथे उस्तेदने राखता आलं.

वन्सं तेवढा राहिलाय अजून. नणंदेला त्यांच्याकडे कुन्यादा म्हणतात पण हाक मारताना ते कानाला कसंतरीच लागतं, त्यामुळे बहुतेक वन्सं तसाच ठेवेन, हाक आहे हे वाक्यातून कळतंच.

आई, एक विचारायचंय. वाईच्या आजीकडे ते दाणे ताटात टाकायचे, का भरणारीच्या पदरात? कथेत ताट आहे पण मला आजीचा पदर आठवतोय. पुढच्या शनिवारी येते तेव्हा करूनच दाखव. बाबांसाठी छापील पान आणते, लाल पेन तयार ठेवा.

तुमची,
मनू