मांजराला पहिल्यांदाही कुठलेही रक्त चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या रक्तदानावरचा लेख वाचला. त्यात एक वाक्य आहे: ‘कुत्र्या-मांजरांना पहिल्यांदा रक्त चढवताना गट जुळवण्याची गरज नसते.’ कुत्र्यांच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. मांजरांच्या बाबतीत मात्र ते जीवघेणे आहे, म्हणून त्याची ठळक दुरुस्ती छापावी अशी विनंती करतो. मी पशुवैद्यक आहे आणि या चुकीचे परिणाम मी पाहिले आहेत.

कुत्र्याच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे सहसा आधीपासून नसतात. परके रक्त एकदा मिळाले की ती तयार होतात, त्यामुळे खरा धोका दुसऱ्या वेळी असतो. मांजराचे तसे नाही. मांजरांत ए, बी आणि क्वचित सापडणारा एबी असे गट आहेत. माणसाच्या गटांशी यांचे फक्त नाव जुळते. मांजरांत ‘ओ’ गट नाही, त्यामुळे कुणालाही चालेल असा दाताही नाही. बी गटाच्या मांजराच्या रक्तात लहानपणापासूनच ए गटाविरुद्ध फार तीव्र प्रतिपिंडे असतात. त्यासाठी त्याला आधी कधी रक्त मिळालेले असावे लागत नाही. ए गटाच्या मांजरातही बीविरुद्ध प्रतिपिंडे असतात, पण ती बहुधा कमजोर असतात.

चूक कोणत्या दिशेने झाली यावर तिचा परिणाम ठरतो. ए गटाच्या मांजराला बी रक्त दिले, तर चढवलेल्या तांबड्या पेशी साधारण दोन-चार दिवसांत नष्ट होतात. ताप किंवा थोडी कावीळ दिसते, रक्ताचे प्रमाण पुन्हा खाली येते आणि रक्त वाया जाते. बी गटाच्या मांजराला ए रक्त दिले, तर मात्र काही मिनिटांत हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास अडखळतो, उलटी होते, रक्तदाब कोसळतो. एक मिलिलिटरइतक्या रक्तानेही मांजर दगावू शकते. म्हणूनच ‘आधी थोडेसे देऊन बघू’ हा मार्ग इथे उपयोगाचा नाही. गट तपासायला रक्ताचे काही थेंब आणि एक कार्ड लागते, आणि उत्तर काही मिनिटांत मिळते. दाता आणि रुग्ण, दोघांचीही ही तपासणी झालीच पाहिजे.

साध्या, बिनजातीच्या मांजरांत ए गट बहुसंख्य असतो, त्यामुळे न तपासता दिलेले रक्त अनेकदा निभावून जाते आणि भलताच विश्वास बसतो. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, टर्किश अँगोरा अशा जातींत बी गट चांगलाच आढळतो. सयामी जवळजवळ सगळी ए गटाची असतात. पण जात पाहून फक्त अंदाज बांधता येतो, समोरच्या मांजराचा गट कळत नाही.

आता पिल्लांविषयी. लेखात हा भाग आलाच नव्हता. ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरीचे पहिलेच वेत माझ्याकडे आणले गेले, ते उदाहरण सांगतो. पाचही पिल्ले जन्मतः ठणठणीत होती आणि लगेच पिऊ लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघांनी पिणे सोडले, ती भावंडांपासून बाजूला पडून राहू लागली आणि एक दगावले. मालकांना वाटले, थंडी लागली किंवा आईच्या अंगाखाली दबले. जिवंत असलेल्या आजारी पिल्लाला ओल्या पांढऱ्या कापसाने पुसून लघवी करवली, तर कापूस लालसर तपकिरी झाला. तांबड्या पेशी फुटल्या की लघवीचा रंग असा येतो. हिरड्या फिकट होत्या आणि त्वचेवर पिवळी झाक होती. आईचा गट बी निघाला, बोक्याचा ए.

ए गट प्रभावी असतो. बोक्याकडे ए गटाची दोन्ही जनुके असतील, तर अशा जोडीची सगळी पिल्ले ए गटाची होतात. एक जनुक ए आणि एक बी असेल, तर सरासरी निम्मी. गर्भात असताना त्यांना काही होत नाही, कारण आईची प्रतिपिंडे नाळेवाटे फारशी जात नाहीत. ती चिकातून जातात. पिल्लाचे आतडे जन्मानंतर पहिले सोळा ते चोवीस तास प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेते, आणि एरवी पिल्लाला रोगांपासून राखणारा तोच चीक ए गटाच्या पिल्लाच्या पेशी फोडू लागतो. मालकांचा प्रश्न होता, पहिल्याच वेतात हे कसे? माणसांत आरएच गटाचा त्रास बहुधा दुसऱ्या बाळंतपणात होतो, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण मांजरीत प्रतिपिंडे आधीपासूनच तयार असतात. या वेतातल्या तिसऱ्या पिल्लाला वरवर काहीच झाले नव्हते, मात्र पुढे त्याच्या शेपटीचे टोक काळे पडून गळाले. सौम्य त्रासाची ती खूण असते.

आजारी पिल्लाला आम्ही तातडीने आईपासून दूर केले. अशा पिल्लाला रक्त द्यायची वेळ आली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत ते बी गटाचे लागते. पिल्लू ए गटाचे असले, तरी त्याच्या अंगात त्या वेळी आईची प्रतिपिंडे फिरत असतात आणि ए गटाच्या नव्या पेशीही ती फोडतील. म्हणून आईच्याच पेशी, त्यांतला द्रव धुऊन काढून, देतात.

हे सगळे टाळता येते. जोडी लावण्याआधी दोघांचे गट पाहावेत आणि बी मांजरीला बी बोका निवडावा. उलट जोडीत, म्हणजे ए मांजरी आणि बी बोका असताना, सहसा अडचण येत नाही. बी मांजरी ए बोक्यापासून आधीच गाभण असेल, तर ती विताना हजर राहावे आणि एकही पिल्लू प्यायच्या आत सगळी वेगळी करावीत. पहिले चोवीस तास त्यांना उबेत ठेवून दर दोन तासांनी मांजरांसाठीचे तयार दूध पाजावे. नुकतीच व्यालेली ए गटाची दुसरी मांजरी मिळाली तर फारच उत्तम, कारण तिच्या चिकातून रोगप्रतिकारशक्तीही मिळते. दिवस उलटला की पिल्ले आईकडे निर्धास्त परत द्यावीत. दुधात प्रतिपिंडे असली, तरी आतडे आता ती आत घेत नाही. नाळेतल्या रक्तावर कार्ड तपासणी करता आली, तर बी गटाची पिल्ले पहिल्यापासून आईजवळच राहू शकतात.

जनुकीय तपासणीत, गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून, ए गटाच्या मांजरात लपलेले बी जनुकही कळते. दोन ए मांजरांच्या पोटी बी पिल्लू येते ते यामुळेच. मात्र बी गटाला कारण ठरणारा प्रत्येक जनुकीय बदल या तपासणीत पकडला जातोच असे नाही. म्हणून ज्या मांजरीची वीण करायची, तिच्या रक्ताची कार्ड तपासणी मी तरीही करून घेतो.

शेवटी, गट जुळला म्हणजे सगळे जुळले असेही नाही. ए-बी पद्धतीबाहेरचे ‘मिक’ नावाचे प्रतिजन 2007 मध्ये नोंदले गेले, आणि त्याविरुद्धही काही मांजरांत आधीपासून प्रतिपिंडे असतात. म्हणून गट पाहून झाल्यावर दात्याचे आणि रुग्णाचे रक्त एकमेकांत मिसळून क्रॉसमॅच करावे. आधी कधी रक्त चढवलेले असेल, आणि त्याला चार-पाच दिवस उलटून गेले असतील, तर ते टाळूच नये. आधी रक्त दिल्याची गोष्ट मालकांनी डॉक्टरांना न विचारताही सांगावी.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक