रेशन कापणाऱ्या यंत्राला मार्गदर्शक तत्त्वे पुरत नाहीत

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी कोथरूडला राहते. दोन याद्यांमधली माणसे एकच आहेत की वेगळी, हे ठरवणारी सॉफ्टवेअर तपासण्यात माझी पंधरा वर्षे गेली. एआयला कायद्याची वेसण घालायची की मार्गदर्शक तत्त्वांवर भागवायचे, या वादात मला एकाच जागेबद्दल बोलायचे आहे: सरकारी लाभ कोणाला मिळणार हे जिथे यंत्र ठरवते, ती जागा.

तेलंगणाचे उदाहरण आपल्याला माहीत असेल. 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली वाहननोंदणी, मालमत्ता, वीजबिले अशा अनेक खात्यांच्या नोंदी जोडून कुटुंबाची पात्रता तपासते. हैदराबादमधल्या एका सायकलरिक्षा चालवणाऱ्याचे नाव एका मोटारमालकाच्या नावाशी जुळले आणि घरात मोटार आहे असे धरून त्या कुटुंबाचे रेशन नाकारले गेले. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या, त्यातल्या अनेक पूर्वसूचनेशिवाय. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करायला सांगितले, तेव्हा त्यातली हजारो कुटुंबे पात्र निघाली.

आपल्याकडे अशी चूक होणे आणखी सोपे आहे. एका नोंदीत 'सुनीता रमेश जाधव', दुसरीत 'Sunita R Jadhav', आणि सातबाऱ्यावर अजून माहेरचे 'सुनीता बाळू मोरे'. जुळवणी सैल ठेवली तर दुसऱ्याची गाडी हिच्या नावावर येते, घट्ट केली तर खरा मोटारमालक निसटतो. मधला बिंदू कुठे ठेवायचा हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण कोणाची चूक सोसायची हा निर्णय त्यात दडलेला असतो, आणि तो बहुधा सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या कार्यालयात होतो.

सादरीकरणात 'अचूकता ९८ टक्के' लिहिलेले असते. एक काल्पनिक हिशेब करू. १० लाख कुटुंबांपैकी १०,००० खरोखर अपात्र आहेत. यंत्राने त्यातली ९,००० पकडली. उरलेल्या ९,९०,००० पात्र कुटुंबांपैकी फक्त २ टक्क्यांवर चुकून बोट ठेवले, तरी ती १९,८०० होतात. म्हणजे यादीत आलेल्या २८,८०० कुटुंबांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक निर्दोष! एकूण अचूकता तरीही ९८ टक्के भरते.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जी एआय मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा रोख आत्ता वेगळा कायदा नको, स्वेच्छेच्या उपायांवर भर द्यावा असा आहे. बहुतेक गोष्टींसाठी मला ते पटते. बाणेरच्या दहा माणसांच्या कंपनीने मराठी बोलणारा ग्राहकसेवा बॉट काढला, तर तिच्यामागे निरीक्षक लावून काय मिळणार? बॉट वाईट असेल तर ग्राहक सोडून जाईल. पण रेशनच्या यंत्राचे ग्राहक आपण आहात, सुनीता नाही. तिला दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही, आणि नाव कमी झाले की पुरवठादाराच्या हिशेबात ती 'बचत' म्हणून दिसते. स्वेच्छेने सुधारायला त्याला कारणच उरत नाही.

युरोपियन महासंघाच्या २०२४ च्या कायद्यात म्हणूनच सरकारी मदतीची पात्रता ठरवणारी प्रणाली 'उच्च जोखीम' वर्गात आहे आणि तिथे कागदपत्रे, नोंदी, माणसाची देखरेख सक्तीची आहे. तो कायदा जसाच्या तसा उचला असे मी म्हणणार नाही. तांत्रिक मानके वेळेत तयार झाली नाहीत म्हणून उच्च जोखमीच्या नियमांची तारीख पुढे ढकलायचा प्रस्ताव तिथल्याच आयोगाला आणावा लागला. इतकी यंत्रणा असलेल्यांची ही गत, तर आपल्याकडे तपासायला माणसे कुठून आणणार?

त्यामुळे माझी मागणी लहान आहे, आणि तिला विधेयकही लागत नाही. लाभार्थी वगळणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या निविदेत एका शासन निर्णयाने सक्तीची अट घाला. प्रणाली सुरू होण्याआधी तिने वगळायला सांगितलेल्यांपैकी ५०० कुटुंबे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, तलाठी किंवा ग्रामसेवक, शहरात पुरवठा निरीक्षक, यांनी त्यांच्या घरी जावे आणि किती चुकीची निघाली तो आकडा जाहीर करावा. ५०० पैकी ३०० पात्र निघाली, तर यंत्र तिथेच थांबवायचे. पुढे प्रत्यक्ष वापरात कोणाचाही लाभ बंद करण्याआधी मराठीत नोटीस जावी, आणि तिच्यात कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीशी नाव जुळले ते लिहिलेले असावे. 'आपण अपात्र आहात' एवढ्यावर कोणी हरकत कशी घेणार? गाडीचा क्रमांक दिला, तर सुनीता आरटीओत जाऊन ती गाडी दुसऱ्या जाधवांची आहे हे दाखवू शकते. घरी जाऊन तपासणी होईपर्यंत धान्य चालू राहावे.

याने खर्च वाढेल, फेऱ्या वाढतील, काही अपात्र लोक आणखी तीन महिने धान्य घेतील. हे मला मान्य आहे, आणि अधिकारी आपल्याला हेच सांगतील. फक्त त्यांना त्याच बैठकीत विचारा, की सध्या वापरात असलेल्या जुळवणीत चुकून वगळलेल्यांचे प्रमाण किती आहे आणि ते शेवटचे कधी मोजले.

कळावे,
आपली नम्र,
कोथरूडची एक सॉफ्टवेअर तपासनीस