गोंगाटात चाल टिकते कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी रॉकवर लेख आला आहे. ‘एक्स जपान’ या बँडला त्यात ‘ताठ उभे केस, रंगवलेले चेहरे आणि कानठळ्या’ एवढ्यावरच निकालात काढले आहे. केस आणि चेहरे खरेच तसे होते, त्यावर वाद नाही. पण त्या कानठळ्यांमधून गुणगुणता येईल अशी चाल ऐकू कशी येते, हा खरा प्रश्न लेखकाने विचारलेलाच नाही.

एकच गाणे घेतो. १९८९ च्या ‘ब्लू ब्लड’ अल्बममधले ‘कुरेनाई’, म्हणजे गडद लाल. सुरुवात संथ, स्वच्छ गिटारची एकेक तार छेडत होते. तोशी हळू आवाजात गातो. मग ड्रम कोसळतात आणि पुढे सगळे धावतच सुटते. तरीही गाण्याची चाल जपानी जुन्या सिनेगीतांसारखी हळवीच राहते. चाल आणि शब्द दोन्ही ड्रमवादक योशिकीचे. तो लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेला, शाळकरी वयात ‘किस’ या अमेरिकन बँडच्या रंगवलेल्या चेहऱ्यांनी झपाटलेला.

आता गिटारींकडे येतो. डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणे. तसे केलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सा-ग-प, सहसा वाजवत नाहीत. पॉवर कॉर्ड वाजवतात, आणि त्यात आपल्या भाषेत फक्त सा आणि प असतात. गंधार वगळलेला असतो. तो का, हे भाच्याच्या जुन्या गिटारवर आणि छोट्या ॲम्पवर कोणीही पाहू शकेल. मी पाहिले. सा-प दाबून डिस्टॉर्शनचे पेडल चालू केले तर खोली भरून टाकणारा घट्ट आवाज येतो. त्यातच कोमल गंधार मिसळला की आवाज चिखलासारखा होतो, सूर ओळखू येत नाही.

कारण साधे आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या कंपनांमधल्या फरकाचा तिसरा सूरही तयार होतो. सा २०० कंपनांचा आणि प ३०० चा धरला, तर फरक १०० चा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो आपल्याच घरातला आहे, त्यामुळे आवाज उलट भरदार होतो. पण सा २०० आणि कोमल ग २४० असला की फरक ४० चा येतो. हा सूर ना सा, ना ग, ना प. खूप खाली उतरलेला कोमल धैवत निघतो तो, आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मैफल बिघडवतो.

म्हणून गिटारींनी गंधार सोडला. गाणे उदास आहे की आनंदी, हे ठरवणारा सूर खाली कुणीच वाजवत नाही, जागा मोकळी राहते. ती जागा तोशीचा उंच आवाज घेतो. आमच्या पिढीला तानपुऱ्याच्या सा-पवर गायकाने राग उभा केलेला ऐकायची सवय, त्यामुळे मला हे चटकन पटले. (तुलना एवढीच. इथला सा कॉर्डबरोबर सारखा जागा बदलतो.)

शिवाय बँडमध्ये गिटारवादक दोन, हिदे आणि पाता. दोघे मिळून सुरावट वाजवतात तेव्हा एक वर, दुसरा खाली, मध्ये अंतर गंधाराचे. इथे चिखल का होत नाही? कारण प्रत्येकाचा ॲम्प वेगळा. दोन सूर एकाच पेडलमध्ये घुसतच नाहीत, हवेत आल्यावर भेटतात. एकट्या गिटारवादकाने तीच जोडी वाजवायचा हट्ट धरला तर पुन्हा खडखडाट. हौशी बँड नेमके इथेच फसतात.

राहिले नाटक. ‘ब्लू ब्लड’च्या मुखपृष्ठावर ‘सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक’ अशी ओळ आहे. पुढे रंगवलेल्या बँडच्या या साऱ्या प्रकाराला ‘व्हिज्युअल केई’ म्हणू लागले, त्या नावाचे मूळ या ओळीत सांगतात. यातले केस कुणी हौशीने विस्कटलेले नव्हते. हिदेने केशरचनेचे रीतसर शिक्षण घेऊन परवाना मिळवला होता. आणि सगळाच देखावा होता असेही नाही. ड्रम बडवताना मान झोकून झोकून योशिकीची मान कायमची दुखावली. तो गळ्याला पट्टा बांधून वाजवायचा, पुढे शस्त्रक्रियाही झाल्या.

नव्वदच्या दशकात बँडने हा साज बराच उतरवला. हिदेचे गुलाबी केस तेवढे राहिले. १९९७ च्या ३१ डिसेंबरला टोकियो डोममध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला आणि पुढच्याच मे महिन्यात हिदे हे जग सोडून गेला.

लेखकमहाशयांनी उन्हाळ्यात जपानमधल्या शालेय बेसबॉलचे सामने जरूर पाहावेत. कोशिएनच्या मैदानात फलंदाज उभा राहिला की प्रेक्षकांतला शाळेचा बँड ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवर ‘कुरेनाई’ वाजवतो. ना डिस्टॉर्शन, ना मेकअप, घामाने भिजलेल्या गणवेशातली शाळकरी पोरे. चाल मात्र पहिल्या ओळीत ओळखू येते.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे