विषय: डेंग्यूचं कॅशलेस नाकारलं, बिलाचे ६५,२५० रुपये परत मिळण्याबाबत

क्लेम डिपार्टमेंट, नमस्कार.

मी पुण्यात नोकरी करतो आणि माझी मिसेस आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. तिला डेंग्यू झाला म्हणून कोथरूडच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं, हॉस्पिटल तुमच्याच नेटवर्कमधलं. तरी टीपीएने कॅशलेस नाकारलं आणि कारण काय दिलं तर "पेशंट स्टेबल, प्लेटलेट १ लाख १० हजार, ओपीडीत उपचार शक्य".

हा आकडा ॲडमिशनच्या दिवशीचा आहे. फक्त त्यावरून ठरवायचं असेल तर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचंच नाही का? त्या दिवशी तिचा ताप उतरला होता, पण पोटात सारखं दुखत होतं, पाणीसुद्धा टिकत नव्हतं, उलट्या चालू. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं, म्हणूनच पोटदुखी आणि न थांबणाऱ्या उलट्या ही धोक्याची लक्षणं धरतात आणि अशा पेशंटला ॲडमिट करतात. हे सगळं प्रीऑथ फॉर्मवर लिहिलेलं होतं.

पुढे काय झालं ते केस पेपरमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या, हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ वर गेलं, बीपी ९०/६०. म्हणजे रक्त घट्ट होत होतं. रात्रभर सलाईन चालू होतं आणि सिस्टर दर तासाला बीपी बघून चार्टवर लिहीत होत्या, तो चार्ट जोडलाय. हे घरी कोण करणार होतं? हॉस्पिटलने हे रिपोर्ट लावून परत रिक्वेस्ट पाठवली तर तेच वाक्य परत आलं, एकही क्वेरी न विचारता.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, म्हणून मी रीइम्बर्समेंट मागतोय. बिल ६८,४०० झालं, ते मी डिस्चार्जच्या वेळी भरलं. त्यातले ग्लोव्हज, ॲडमिशन किट, रजिस्ट्रेशन वगैरेचे ३,१५० पॉलिसीत बसत नाहीत, ते मी मागत नाहीये. रूमचं भाडंही लिमिटमध्येच आहे. राहिले ६५,२५०. क्लेम फॉर्मचे दोन्ही भाग, डिस्चार्ज कार्ड, बिलाचं ब्रेकअप, पावत्या, रोजचे लॅब रिपोर्ट, पूर्ण इनडोअर केस पेपर आणि कॅन्सल चेक जोडलाय.

यावेळी फाइल डॉक्टरने वाचावी, आणि सगळे दिवस वाचावेत, फक्त पहिला रिपोर्ट नाही. तरीही नाकारायचं असेल तर पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम लावलं ते लेखी द्या आणि तुमच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घेतली का तेही कळवा, आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या सर्क्युलरमध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्यात. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी हीच फाइल पुण्याच्या विमा लोकपाल ऑफिसला देणार आहे. अजून कोणता कागद हवा असेल तर आधी मला फोन करा, नंबर फॉर्मवर आहे.

आपला,
पॉलिसीतला एक कर्मचारी, कोथरूड, पुणे