बाथरूमची चप्पल ओल्या फरशीवर चालत नाही, म्हणे

प्रति,
ग्राहक तक्रार विभागप्रमुख

विषय : ‘पाणी निथळणारी, न घसरणारी’ म्हणून विकलेल्या बाथरूम चपलांच्या दोन जोड्या परत घेण्याबाबत

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनला पाचवा फोन झाला. सहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

एप्रिलमध्ये दोन जोड्या घेतल्या, प्रत्येकी 349 रुपये. सहा नंबर जळगावला हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीसाठी, आठ नंबर घरी माझ्यासाठी. जाहिरातीत चपलेतून पाण्याच्या धारा खाली पडताना दाखवल्या आहेत. ती चप्पल कुठली होती हे कळवावं, कारण माझ्याकडे आली ती नाही.

माझा भुसावळला टायर रिमोल्डिंगचा धंदा आहे, तीस वर्षं झाली. ओल्या रस्त्यावर रबर का धरतं आणि का सोडतं एवढं मला समजतं. तुमच्याकडे ज्यानं हा साचा काढला त्यालाही समजत असणार, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

वरून मोजली तर एका चपलेला चौदा भोकं आहेत. त्यात तार घालून बघा. आरपार फक्त चार जातात, आणि तीही मधल्या उंचवट्यावर. बाकीची दहा नुसते खड्डे आहेत, दिसायला भोकं. आता पाणी थांबतं कुठं? टाचेच्या खोलगट भागात. म्हणजे मोरी उंचावर आणि पाणी खड्ड्यात! आमच्याकडे गवंडीसुद्धा असा उतार काढत नाही. मी चपलेत तांब्याभर पाणी ओतलं, सपाट फरशीवर ठेवली आणि दहा मिनिटांनी टाचेतलं पाणी इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून घेतलं. एका पायात सात मिली निघालं. जी चार भोकं आरपार आहेत ती मोहरीच्या दाण्याएवढी, त्यांच्यात थेंब अडकून बसतो. काडी घातल्याशिवाय सुटत नाही. शिवाय खाली त्यांची तोंडं सपाट तळव्यावर उघडतात. माणूस उभा राहिला की फरशीच त्यांना बूच लावते. भोकापासून चपलेच्या कडेपर्यंत एक खाच काढली असती तर पाणी बाजूनं निघून गेलं असतं. एक खाच!

हॉस्टेलवर याचं काय होतं ते सांगतो. एका मजल्यावर वीस-बावीस मुली आणि चार बाथरूम. सकाळी सहाला ओली झालेली चप्पल पलंगाखाली जाते आणि संध्याकाळी काढली तर टाच अजून ओलीच. त्या खोट्या भोकांत साबणाचा काळा गाळ बसतो, मुलगी जुन्या टूथब्रशनं कोरून काढायची. दीड महिन्यात तिच्या करंगळीच्या शेजारच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. कातडी पांढरी, भिजल्यासारखी, मग चीर आणि आग. त्वचेच्या डॉक्टरांनी फंगसचं मलम दिलं आणि बरं वाटलं तरी लगेच थांबवू नको म्हणून बजावलं. फंगस तुमच्या चपलेनं आणलं असं मी म्हणत नाही. सामाईक बाथरूमच्या फरशीवर दुसऱ्याच्या पायाच्या कातडीतून ते येतंच, आणि बेचकं पुसून कोरडं ठेवणं हे मुलीचं काम आहे. पण ते टाळायलाच तर ही चप्पल घेतली होती ना? दिवसभर ओली राहणारी चप्पल घालण्यापेक्षा अनवाणी गेलेली काय वाईट होती?

आता घसरण्याचं. तळव्याला तुम्ही चौकटी-चौकटींची नक्षी दिली आहे. दिसते छान. पण प्रत्येक चौकट चारी बाजूंनी बंद आहे. पाय पडला की आतलं पाणी आतच दाबलं जातं आणि चप्पल त्या पाण्यावर तरंगते. टायरच्या खाचा कडेला उघड्या असतात त्या शोभेसाठी नसतात हो. त्यातून तुमचा फोम साच्यातून निघतो तो वरून गुळगुळीत, चकचकीत. पहिल्या दिवसापासून गोटा टायर.

जूनमध्ये मी त्यावरूनच घसरलो. नळ हातात आला म्हणून डोकं वाचलं, नळ मात्र तुटला. आमच्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी, साबणाची साय फरशीला धरते, ती घासणं माझं काम हे मान्य. म्हणून खात्री करायला फरशी घासून धुतली, त्यावर साधं पाणी ओतलं, चपलेत दोन किलोचं वजन ठेवलं आणि ताणकाट्यानं आडवी ओढली. तुमची साधारण तीनशे ग्रॅमच्या ओढीला सरकली. माझी जुनी रबरी स्लीपर, पट्टा दोनदा बदललेली, नऊशेच्या पुढे गेल्यावर हलली. मग तुमच्या चपलेचा तळवा आम्ही टायर बफ करतो तसा पॉलिशपेपरनं खरवडला, तेव्हा सहाशेपर्यंत आली. म्हणजे दुरुस्ती काय हवी तेही मीच शोधून दिलं. त्याचं बिल वेगळं लावत नाही.

आता आजचा फोन. हा मी शब्दशः लिहितो, कारण घरात कोणाचा विश्वास बसला नाही.

ताई म्हणाल्या, “सर, तुम्ही चप्पल ओल्या फरशीवर वापरली का?”

मी म्हटलं, “बाथरूममध्ये वापरली.”

“सर, ओल्या फरशीवर वापरल्यास घसरण्याची जबाबदारी कंपनीची नाही.”

“अहो ताई, नाव काय आहे चपलेचं?”

“बाथरूम स्लीपर, सर.”

“मग?”

“सर, बाथरूम आधी कोरडं करून घ्या, मग वापरा.”

मी विचारलं, कोरडं करायला आत जाताना पायात काय घालू? यावर त्यांनी मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं बासरी ऐकली. परत आल्या आणि म्हणाल्या, “सर, चप्पल रोज उन्हात वाळवा.”

इथं माझा तोल गेला, आवाज चढला, ते मान्य करतो. त्या बाईंचा दोष नाही, त्या समोरचा कागद वाचत होत्या. कागद लिहिणाऱ्यासाठी सांगतो : मे महिन्यात तुमच्याच दुसऱ्या फोनवर हाच सल्ला मिळाला होता. भुसावळचं मे महिन्याचं ऊन, गच्चीचा पत्रा आणि हा फोम. चार दिवसांत आठ नंबरची चप्पल सातची झाली, टाच बाहेर लोंबायला लागली. तेव्हा तिसऱ्या फोनवर उत्तर मिळालं की उन्हानं आकसली तर ती ग्राहकाची चूक. म्हणजे ओल्यात घालायची नाही आणि उन्हात ठेवायची नाही. मग काय, देवघरात ठेवू? आणि भोकं तर आरपार नाहीतच, हे पुन्हा सांगतो, कारण पाच फोनांत एकानंही ते लिहून घेतलं नाही.

आमच्या घरात तुमच्या कंपनीच्या चपला वडिलांच्या काळापासून. शेतात, लग्नात, सगळीकडे. म्हणून जास्त लागलं.

दोन्ही जोड्यांचे 698 रुपये आणि नळाचे 420 पंधरा दिवसांत परत करा. जाहिरातीतली ती पाण्याची धार काढा किंवा भोकं खरी करा. नाहीतर 1915 वर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथं दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तारीख पडली की तुमच्या माणसाला भर उन्हात जळगावला यावं लागेल. चप्पल, सिरिंज आणि ताणकाटा मी घेऊन येईन. तांब्याभर पाणी तिथं मिळेलच.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
भुसावळ

ता. क. चपला न्यायला माणूस पाठवणार असाल तर पाऊस बघून पाठवा. आमच्या दारातली पायरी ओली असते, आणि ओल्या जागेची जबाबदारी मीही घेत नाही.