पदराचा कोपरा

प्रिय बाळ्या,

गणपतीत फोन उचलला नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर आता वाच. तब्येती ठीक. आईचे गुडघे जिथल्या तिथे, माझी गोळी चालू.

तुलाच लिहितोय, कारण येवल्याच्या माणसाशिवाय हे कोणाला कळणार नाही. दादरचे शेठ तुला आठवतात, चहा अर्धा पाजणारे. त्यांना दुकानाची दिवाळीची काच सजवायचीय, आणि आधी ती संगणकावर बघायचीय. म्हणाले, ‘गेल्या वर्षीचा पुतळ्याचा फोटो आहेच, त्यालाच नवी पैठणी नेसव.’ आता त्या फोटोत पुतळा गर्द मरून साडीत. त्या रंगात निऱ्यांच्या सावल्या बुडून गेलेल्या, मग मी नव्या साडीला चुण्या आणू कुठून? अंगावर कागद चिकटवल्यासारखी दिसली असती.

म्हणून सावंतकाकांना गाठलं. पुतळ्याला पांढरं मांजरपाट नेसवलं, धुऊन खळ काढलेलं, नाहीतर ते फुगून उभं राहतं. काकांनी तोंडात टाचण्या धरून पैठणीच्या चालीनेच निऱ्या घातल्या, पदर सोडला आणि त्याचा खालचा कोपरा जरा उलटा वळवला. दिवा डावीकडे, काचेत असतो तिथेच. म्हणजे सगळ्या सावल्या पांढऱ्यावर हातात आल्या. पैठणी वेगळी, जमिनीवर पसरून, वरून काढली, फ्लॅशशिवाय, नाहीतर सोनेरी जर पांढरीफटक येते.

पुढचं काम तुला आवडलं असतं. मांजरपाटाचा फोटो करडा करायचा, जरा धूसर करायचा (नाहीतर सुताची वीण आडवी येते आणि नक्षीच्या कडा फाटतात), PSD म्हणून ठेवायचा आणि फोटोशॉपच्या Displace फिल्टरला नकाशा म्हणून द्यायचा. मधला करडा असेल तिथे नक्षी जागची हलत नाही. उजेडाला एकीकडे सरकते, सावलीला दुसरीकडे. अंगावरच्या बुट्ट्या त्याने सुरेख वळल्या. मग पांढऱ्या कापडाच्या सावल्या Multiply करून वर चढवल्या. त्यात जर मात्र हळदीच्या चिखलासारखी होते, म्हणून तिची चमक Screen मध्ये वेगळी, फक्त निरीच्या उंचवट्यावर.

पण काठाला हे पुरत नाही. फिल्टर नक्षी सरकवतो, निरीच्या आत लपवत नाही. सगळे पोपट अख्खेच्या अख्खे, ओळीने, शाळेच्या रांगेत उभे! शेवटी काठाचे तुकडे केले, प्रत्येक निरीला एक, आणि दरवेळी अर्धा पोपट घडीत घातला. तू म्हणशील, ‘मास्तर तेव्हाच सांगत होते, घडीत जातं ते आधी ठरवा.’ हो, आणि तेव्हा मागच्या बाकावर कोण घोरत होतं ते मला सांगायला लावू नकोस. त्या वर्षीचे माझे ब्रशही अजून तुझ्याकडेच आहेत.

खरी गोची त्या उलट्या कोपऱ्याची. तिथे साडीची मागची बाजू दिसते. मी साडी उलटून फोटो काढायला गेलो, तर मागे सुटे धागे, एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत लोंबत गेलेले. मशीनचा माल! तुझ्या मावशीच्या मागावर प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, रंग जिथे भेटतो तिथे धागा धाग्यात अडकवून परत फिरवलेला. म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच. काकांनी एकदा मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टाचण्या डबीत टाकायला लागले. बोलले काही नाहीत.

मी जसं होतं तसं, धाग्यांसकट दाखवलं. शेठ म्हणाले, ‘हे घाण काय आहे कोपऱ्यात? पुढचीच नक्षी उलटी करून लाव ना तिथे.’ मिनिटभराचं काम आहे रे. पण बघणारी बाई नेमका तोच कोपरा बघते, तुझ्या मावशीनेच शिकवलंय सगळ्यांना. वर काचेत ‘अस्सल हातमाग’ लिहायचंय त्यांना! मी म्हटलं, कोपरा सरळ करू, मागची बाजू दिसणारच नाही. ते म्हणतात, वळलेला असला की श्रीमंत दिसतो. ते खरंही आहे, म्हणूनच चिडचिड होते. आणि पैसे अर्धे अजून त्यांच्याकडे.

गेले चार दिवस दोन फायली उघडून बसतो, एक सरळ कोपऱ्याची, एक धाग्यांची. तिसरी केलेली नाही. सरळवालीच पाठवतो आणि पाटीचा मजकूर दुसऱ्याकडून लिहून घ्या म्हणतो, असं ठरवलंय. तुझी शिवी आली तर बदलेन.

अनघाची बदली झाली का? पोराचा दहावीचा क्लास लागला म्हणे, माझ्यासारखी चित्रं काढू देऊ नकोस.

एक काम कर. मावशीच्या मागावर पदर चढलेला असेल, तर त्याचा मागून एक फोटो पाठव, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको. शेठच्या टेबलावर त्यांच्या साडीशेजारी ठेवणार आहे.

तुझा,
दिग्या